२०० मेगापिक्सेलचा फोन, तरी लांबच्या गाडीचा नंबर का वाचता येत नाही?

रस्त्यावर एक गाडी कुणाला तरी धडक देते आणि न थांबता निघून जाते. बाजूला उभ्या असलेल्या कुणीतरी प्रसंगावधान राखून फोन काढलेला असतो. फोटो मिळतो. गाडी दिसते, तिचा रंग दिसतो, मागची पांढरी नंबर प्लेटसुद्धा दिसते. पण दोन बोटांनी फोटो मोठा करत गेलं की प्लेटवरचे आकडे उलगडत नाहीत. पांढऱ्या पट्टीवर राखाडी डाग, एवढंच हाती लागतं.

अशा फोटोखाली हमखास एक कमेंट येते : "चांगल्या फोनने काढला असता तर नंबर दिसला असता." चांगला फोन म्हणजे काय, तर जास्त मेगापिक्सेलचा. १२ पेक्षा ५० बरा आणि ५० पेक्षा २०० बरा, असं आपण धरून चालतो.

यात थोडं तथ्य आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा ओलांडली की मेगापिक्सेल २०० असोत की ८००, प्लेटवरचा डाग डागच राहतो. कारण तो बारकावा सेन्सरपर्यंत पोहोचलेलाच नसतो. तो वाटेत, लेन्समध्येच हरवलेला असतो.

हे नेमकं कसं होतं? एक खरा फोन आणि एक खरी नंबर प्लेट घेऊन हिशेब करून पाहू.

फोटो दोन टप्प्यांत बनतो

कॅमेऱ्यात दोन वेगळी कामं चालतात. पहिलं काम लेन्सचं. समोरच्या दृश्याचं एक छोटंसं प्रकाशचित्र ती सेन्सरवर पाडते. भिंग धरून कागदावर खिडकीची उलटी प्रतिमा पाडायचा खेळ लहानपणी अनेकांनी केला असेल, हे तसंच.

दुसरं काम सेन्सरचं. त्याच्यावर पिक्सेलच्या बारीक चौकटी असतात. प्रत्येक चौकट आपल्यावर किती प्रकाश पडला एवढंच मोजते आणि एक आकडा देते. या सगळ्या आकड्यांचा मिळून फोटो होतो. ठरावीक अंतरा-अंतरावर असं मोजमाप घेण्याला सॅम्पलिंग म्हणतात.

शाळेतला आलेख कागद आठवा. एखाद्या चित्रावर पारदर्शक आलेख कागद ठेवायचा आणि प्रत्येक चौकोनात सरासरी किती काळं, किती पांढरं आहे ते लिहून काढायचं. चौकोन मोठे असतील तर बारकावे सुटतील. चौकोन बारीक केले तर जास्त बारकावे नोंदवता येतील. मेगापिक्सेल वाढवणं म्हणजे हे चौकोन बारीक करणं.

पण खालचं मूळ चित्रच जाड, ओल्या ब्रशने काढलेलं असेल तर? मग चौकोन कितीही बारीक करा, त्या पसरट फटकाऱ्याची नोंद अधिक काटेकोर होईल, इतकंच. फटकारा बारीक होणार नाही.

किती बारीक चौकोन पुरतात?

याचं उत्तर फार पूर्वी मिळालं आहे. टेलिग्राफ आणि टेलिफोनच्या तारांवरून किती संदेश पाठवता येतील याचा अभ्यास करताना हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली त्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली ते गणिताने मांडलं. फोटोच्या भाषेत त्याचा अर्थ सोपा आहे. एक काळी रेघ आणि तिच्या शेजारची एक पांढरी जागा, अशी जोडी ओळखायची असेल तर त्या जोडीवर किमान दोन पिक्सेल यायला हवेत. एक काळ्यासाठी, एक पांढऱ्यासाठी. त्याहून कमी पिक्सेल असतील तर काळं-पांढरं एकाच चौकटीत मिसळतं आणि राखाडी होतं.

टीव्हीवर बारीक चौकड्यांचा शर्ट घातलेला माणूस आला की कधीकधी शर्टावर विचित्र लाटा हलताना दिसतात. ती याच नियमाची खूण आहे. लेन्सने चौकड्या व्यवस्थित पोहोचवल्या, पण पिक्सेल अपुरे पडले आणि खऱ्या नक्षीच्या जागी खोटी नक्षी उमटली. म्हणजे त्या ठिकाणी लेन्स पुढे आणि सेन्सर मागे होता. मोठ्या कॅमेऱ्यांमध्ये हे टाळण्यासाठी सेन्सरवर मुद्दाम चित्र किंचित पुसट करणारा फिल्टर बसवत असत. निकॉनने २०१२ साली ३६ मेगापिक्सेलचा डी८०० कॅमेरा आणला, तेव्हा सोबत डी८००ई हे भावंडही आणलं. त्यात या फिल्टरचा परिणाम रद्द केलेला होता.

फोनमध्ये मात्र आता परिस्थिती उलटली आहे. पिक्सेल इतके बारीक झाले आहेत की मागे पडते ती लेन्स.

लेन्स कुठे अडते?

लेन्स कितीही निर्दोष बनवली तरी ती एका गोष्टीपुढे हतबल असते : प्रकाश ही लहर आहे. लहर एखाद्या भोकातून गेली की ती थोडी पसरते. या पसरण्याला विवर्तन म्हणतात. भोक जितकं लहान, तितकी ती जास्त पसरते.

त्यामुळे लांबच्या एका बिंदूची प्रतिमा सेन्सरवर बिंदू म्हणून उमटत नाही. ती एक छोटी गोल चकती होते आणि तिच्याभोवती फिकट कडी असतात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५ साली या चकतीचं गणित मांडलं, म्हणून तिला एअरी चकती म्हणतात. संपूर्ण फोटो अशा एकमेकींवर चढलेल्या असंख्य चकत्यांचा बनलेला असतो. आपला मघाचा ओला ब्रश तो हाच.

या पसरण्यामुळे ठरावीक अंतरावरचा जास्तीत जास्त किती बारकावा लेन्समधून पार होईल, हे एका सोप्या हिशेबाने काढता येतं. प्रकाशाच्या लहरीची लांबी गुणिले वस्तूचं अंतर, भागिले लेन्सच्या भोकाची रुंदी. उत्तर येतं ते सर्वांत लहान काळ्या-पांढऱ्या जोडीचं माप. त्याहून लहान जोडी असेल तर तिचा काळा-पांढरा फरक सेन्सरवर पोहोचतो तेव्हा शून्य झालेला असतो.

हिरव्या प्रकाशाची लहर साधारण ०.०००५५ मिलिमीटर लांब असते. १०० मीटर म्हणजे १ लाख मिलिमीटर. दोन्हींचा गुणाकार ५५. म्हणजे १०० मीटरवरच्या वस्तूसाठी फक्त एवढंच करायचं : ५५ ला भोकाच्या मिलिमीटरमधल्या रुंदीने भागायचं.

या हिशेबात मेगापिक्सेल कुठेही येत नाहीत.

आता खरा फोन घेऊ

सॅमसंगचा गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा हा फोन २०२३ साली आला. त्याच्या मुख्य कॅमेऱ्यात २०० मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. पूर्ण फोटो १६,३२० गुणिले १२,२४० पिक्सेलचा. प्रत्येक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा १,६०० हून जास्त चौकटी. लेन्सची फोकल लांबी ६.३ मिलिमीटर आणि अ‍ॅपर्चर एफ/१.७. या दोन आकड्यांचा भागाकार केला की भोकाची रुंदी मिळते : सुमारे ३.७ मिलिमीटर. तुरीच्या दाण्यापेक्षाही लहान.

समोर १०० मीटरवर एक उभी कार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या प्लेटवरची अक्षरं ६५ मिलिमीटर उंच, त्यांच्या रेघा १० मिलिमीटर जाड आणि दोन अक्षरांमधली जागा १० मिलिमीटर असते. म्हणजे वाचण्यासाठी ओळखावी लागणारी काळी-पांढरी जोडी साधारण २० मिलिमीटरची.

आधी फक्त सेन्सर पाहू. १०० मीटरवर या फोटोच्या चौकटीत सुमारे १५५ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. ते १६,३२० पिक्सेलमध्ये वाटलं की एका पिक्सेलच्या वाट्याला ९.५ मिलिमीटर येतात. अक्षराची रेघ १० मिलिमीटरची, पिक्सेल ९.५ मिलिमीटरचा. २० मिलिमीटरच्या जोडीवर दोन पिक्सेल बसतात! नायक्विस्टचा नियम पाळला गेला. कागदावर नंबर वाचता यायला हवा.

आता लेन्स. ५५ भागिले ३.७ म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर. आपली जोडी २० मिलिमीटरची आहे, म्हणजे ती मर्यादेच्या आत आहे. मग अडचण कुठे आली?

अडचण अशी की ही मर्यादा भिंतीसारखी नाही, उतारासारखी आहे. बारकावा मर्यादेपर्यंत शाबूत राहून मग अचानक नाहीसा होत नाही. तो आधीपासून फिका पडत जातो. प्लेटवरचा काळा आणि पांढरा यांच्यातला मूळ फरक १०० टक्के मानला तर अगदी निर्दोष लेन्ससुद्धा १०० मीटरवरून एवढाच फरक पोहोचवते :

- ८० मिलिमीटरची जोडी : सुमारे ७७ टक्के
- ४० मिलिमीटरची जोडी : सुमारे ५४ टक्के
- २० मिलिमीटरची जोडी : सुमारे १५ टक्के
- १५ मिलिमीटर आणि त्याहून लहान जोडी : शून्य

म्हणजे काळ्या रेघा आणि पांढरी जागा यांच्यातला जेमतेम सातवा हिस्सा सेन्सरपर्यंत पोहोचतो. तोही लेन्स परिपूर्ण असेल तर. फोनची लेन्स म्हणजे प्लॅस्टिकच्या अनेक इवल्या भिंगांची उतरंड असते. ती थोडी जरी इकडेतिकडे बसली, किंवा प्लेट फोटोच्या कडेला आली, तर हा १५ टक्क्यांचा आकडा आणखी घसरतो.

हा उरलेला फिका फरक टिपायचा तर पिक्सेलला भरपूर प्रकाश हवा. पण इथेही पेच आहे. ०.६ मायक्रॉनच्या पिक्सेलचं क्षेत्रफळ २.४ मायक्रॉनच्या पिक्सेलच्या सोळाव्या हिश्श्याइतकंच असतं, त्यामुळे त्याला प्रकाशही तितकाच कमी मिळतो. प्रकाश कमी असला की आकड्यांमध्ये दाणेदार गोंधळ वाढतो. अंधुक १५ टक्क्यांचा फरक त्या दाण्यांत बुडतो. त्यात हात हलला तर संपलंच. हा फोन अंशाच्या साधारण दोनशेव्या भागाइतका हलला की प्रतिमा एक पूर्ण पिक्सेल सरकते.

म्हणून कागदावर वाचता येणारी प्लेट प्रत्यक्षात राखाडी डाग होते.

मग ८०० मेगापिक्सेल केले तर?

आता कल्पना करा की याच लेन्सखाली याच आकाराचा, पण ८०० मेगापिक्सेलचा सेन्सर बसवला. पिक्सेल ०.३ मायक्रॉनचा. १०० मीटरवर एका पिक्सेलच्या वाट्याला ४.७ मिलिमीटर.

आणि समोर कारऐवजी मोटारसायकल उभी करू, आपल्याकडे तोंड करून. दुचाकीच्या पुढच्या प्लेटवरची अक्षरं नियमानुसार ३० मिलिमीटर उंच, रेघ ५ मिलिमीटर आणि जागा ५ मिलिमीटर. म्हणजे जोडी १० मिलिमीटरची. ८०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर या जोडीला दोन पिक्सेल मिळतात. सेन्सरच्या बाजूने सगळं ठीक.

पण लेन्सची मर्यादा १५ मिलिमीटर आहे. १० मिलिमीटरच्या जोडीतला काळा-पांढरा फरक सेन्सरवर पडायच्या आधीच शून्य झाला आहे. दोन्ही पिक्सेल एकाच राखाडी रंगाची नोंद करतील. ८०० च्या जागी ८,००० मेगापिक्सेल केले तर जास्त पिक्सेल तोच राखाडी रंग नोंदवतील.

इथे एक शंका येते. फोटो काढल्यावर ॲपमध्ये तो 'शार्प' करता येतो, मग हरवलेला बारकावा परत का आणता येत नाही? शार्प करणं म्हणजे उरलेला फरक गुणून वाढवणं. १५ टक्के उरले असतील तर ते वाढवून काही तरी दिसू शकतं, पण सोबत दाणेदार गोंधळही तितकाच वाढतो. आणि शून्य उरलं असेल तर शून्याला कितीने गुणलं तरी उत्तर शून्यच.

त्याच फोनमधला १० मेगापिक्सेलचा कॅमेरा

या सगळ्याचा सर्वांत चांगला पुरावा त्याच फोनच्या पाठीवर आहे. एस२३ अल्ट्रामध्ये १० पट झूमचा एक वेगळा कॅमेरा आहे. तो फक्त १० मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे मुख्य कॅमेऱ्याच्या विसाव्या हिश्श्याचा. पण त्याची फोकल लांबी २७.२ मिलिमीटर आणि अ‍ॅपर्चर एफ/४.९ आहे. भागाकार केला तर भोक सुमारे ५.५ मिलिमीटर रुंद.

पुन्हा तोच हिशेब. ५५ भागिले ५.५ म्हणजे १० मिलिमीटर. मुख्य कॅमेऱ्याची मर्यादा १५ मिलिमीटर होती, इथे ती १० वर आली. कारच्या प्लेटवरची २० मिलिमीटरची जोडी आता उताराच्या मधोमध येते. निर्दोष लेन्स धरली तर तिच्यातला सुमारे ४० टक्के फरक पोहोचतो. मुख्य कॅमेऱ्यात पोहोचत होता १५ टक्के. शिवाय या कॅमेऱ्यात एका पिक्सेलच्या वाट्याला ४ मिलिमीटर येतात, म्हणजे एका रेघेवर दोनहून जास्त पिक्सेल.

थोडक्यात, १०० मीटरवरच्या कारचा नंबर वाचायचा असेल तर २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा हरतो आणि १० मेगापिक्सेलचा जिंकतो. अर्थात त्याची किंमतही मोजावी लागते. १० पट झूममध्ये दृश्याचा छोटासा तुकडाच मावतो. गाडी त्या तुकड्यात पकडणं हे काम फोटो काढणाऱ्याचं.

आणि मोटारसायकलची पुढची प्लेट? तिची जोडी १० मिलिमीटरची, या कॅमेऱ्याची मर्यादाही १० मिलिमीटरची. म्हणजे १०० मीटरवरून ती यालाही वाचता येणार नाही. जवळ जावं लागेल किंवा आणखी रुंद भोकाचा कॅमेरा लागेल.

दुर्बिणी मोठ्या का बांधतात, त्याचं एक कारण हेच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद इथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ३० अँटेनांची आहे आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरवल्या आहेत. रेडिओ लहरी प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी लांब असतात. त्यांनी आकाशातला बारकावा टिपायचा तर दुर्बिणीची 'रुंदी' किलोमीटरमध्येच लागते.

मग कंपन्या २०० मेगापिक्सेल का देतात?

याचा अर्थ २०० मेगापिक्सेल ही निव्वळ फसवणूक आहे, असा नाही.

पहिली गोष्ट, हा फोन नेहमीच्या वापरात २०० मेगापिक्सेलचा फोटो काढतच नाही. तो शेजारशेजारचे १६ पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक मोठा पिक्सेल बनवतो आणि १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. या मोठ्या पिक्सेलची रुंदी होते २.४ मायक्रॉन. आता त्या एअरी चकतीचं माप पाहा : एफ/१.७ च्या लेन्सवर ती सुमारे २.३ मायक्रॉन रुंद असते. दोन्ही जवळपास सारखी. ०.६ मायक्रॉनचे पिक्सेल धरले तर एकच चकती जवळजवळ चार पिक्सेल रुंदीवर पसरते.

दुसरी गोष्ट रंगाची. पिक्सेलला स्वतःला रंग कळत नाही, त्याच्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच असते. या सेन्सरवर १६ पिक्सेलच्या गटावर एकाच रंगाची काच आहे. त्यामुळे २०० मेगापिक्सेलचा फोटो काढताना शेजारच्या गटांवरून अंदाज बांधून प्रत्येक पिक्सेलचे उरलेले रंग भरावे लागतात.

तिसरी गोष्ट, मधला पर्याय खरोखर उपयोगाचा आहे. ५० मेगापिक्सेलवर पिक्सेल १.२ मायक्रॉनचा होतो. तीच कार ५० मीटरवर आणा. १२ मेगापिक्सेलमध्ये एका पिक्सेलच्या वाट्याला १९ मिलिमीटर येतात, १० मिलिमीटरची रेघ त्यात सापडणार नाही. ५० मेगापिक्सेलमध्ये वाट्याला ९.५ मिलिमीटर येतात आणि या अंतरावर लेन्स ५४ टक्के फरक पोहोचवते. बारकावा आलेला आहे आणि तो टिपायला चौकटीही आहेत. म्हणजे उन्हात १२ वरून ५० वर जाण्यात खरा फायदा आहे.

५० वरून २०० वर गेल्यावर याच प्लेटच्या रेघांवर दुप्पट पिक्सेल येतात, कडा थोड्या गुळगुळीत दिसतात. पण लेन्सकडून येणारा फरक तेवढाच राहतो. फाइल मात्र कित्येक पटींनी जड होते.

घरी कसं तपासायचं?

हे कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवता पाहता येतं. मोठे मथळे, मधले मथळे आणि बारीक मजकूर असलेलं वर्तमानपत्राचं पान सपाट भिंतीवर चिकटवा. त्यावर भरपूर उजेड हवा. पाच-सहा मीटरवर फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या आधाराने घट्ट ठेवा आणि टायमर लावून फोटो काढा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने तो हलणार नाही. एक फोटो १२, एक ५० आणि एक २०० मेगापिक्सेलवर काढा. झूम बदलू नका.

आता तिन्ही फोटो मोठे करून कोणत्या आकारापर्यंतची अक्षरं वाचता येतात ते बघा. १२ ते ५० मध्ये एखादी पायरी खाली उतरता येईल. ५० ते २०० मध्ये बहुधा तीच पायरी राहील.

आणखी पक्की परीक्षा हवी असेल तर २०० मेगापिक्सेलचा फोटो कॉम्प्युटरवर ५० मेगापिक्सेल करा, सेव्ह करा आणि पुन्हा २०० एवढा मोठा करा. मूळ फोटोच्या शेजारी ठेवा. दोन्हींत एकही अक्षर कमी-जास्त वाचता येत नसेल तर मधल्या १५ कोटी पिक्सेलमध्ये काही साठवलेलंच नव्हतं, हे उघड आहे.

आणि झूम केल्यावर 'स्पष्ट' दिसलं तर?

कधीकधी मात्र उलटंही घडतं. हिशेबाने जे दिसायला नको ते फोटोत दिसतं.

मार्च २०२३ मध्ये रेडिटवरच्या एका वापरकर्त्याने एक प्रयोग केला. त्याने चंद्राचा फोटो १७० गुणिले १७० पिक्सेलइतका लहान केला, वर आणखी पुसट केला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला. खोलीतले दिवे बंद करून दुसऱ्या टोकाहून सॅमसंगच्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढला. फोनने दिलेल्या फोटोत चंद्रावरचे असे बारकावे होते, जे पडद्यावर नव्हतेच. पुढे कंपनीने स्पष्ट केलं की फोनमधलं सॉफ्टवेअर चंद्र ओळखतं आणि त्याचे बारकावे ठळक करतं.

चंद्राच्या बाबतीत यातून फारसं काही बिघडत नाही. चंद्राची एकच बाजू आपल्याला कायम दिसते आणि ती सर्वांच्या परिचयाची आहे. नंबर प्लेटचं तसं नाही. तिथे ३ आणि ८ यांत, ० आणि ६ यांत एका रेघेचा फरक असतो आणि त्या एका रेघेवरून दुसऱ्याच कुणाच्या दारात पोलीस जाऊ शकतात. लेन्सने आकडा पोहोचवला नसेल आणि तरीही तो मोठा केलेल्या फोटोत ठसठशीत दिसत असेल, तर तो त्या प्लेटवरून आलेला नाही. कुठल्या तरी सॉफ्टवेअरने तो तिथे लिहिला आहे.

म्हणून लांबच्या प्लेटचा फोटो काढायची वेळ आलीच तर २०० मेगापिक्सेलचं बटण शोधण्यात सेकंद घालवू नका. फोनला वेगळी झूम लेन्स असेल तर ती निवडा. नसेल तर सुरक्षित असेल तेवढं जवळ जा आणि फोन स्थिर धरा. अंतर निम्मं झालं की लेन्सची मर्यादाही निम्मी होते : १५ मिलिमीटरची साडेसात. आणि फोटो पोलिसांना द्यायचा असेल तर शार्प केलेला, मोठा केलेला फोटो न देता कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल द्या. त्यात जे पोहोचलं आहे, तेवढंच खात्रीचं.